१९७२ ते १९७५ : दुष्काळ, तेल आणि मंदीतली महागाई

सप्टेंबर १९७४ मध्ये भारतातली घाऊक महागाई वर्षाला ३३ टक्क्यांच्या आसपास गेली होती. स्वतंत्र भारताने इतकी महागाई त्याआधी पाहिली नव्हती. त्याच आर्थिक वर्षात, म्हणजे १९७४-७५ मध्ये, देशाचं एकूण उत्पादन जेमतेम एक टक्क्याने वाढलं. लोकसंख्या तेव्हा वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वेगाने वाढत होती, म्हणजे माणशी उत्पन्न घटलं. भाव भडकलेले आणि उत्पादन रुतलेलं, अशा या स्थितीला स्टॅगफ्लेशन म्हणतात.

अर्थशास्त्राच्या वर्गात हा विषय शिकवताना बहुधा अमेरिकेचं १९७३ चं उदाहरण घेतात. मला भारताचं प्रकरण जास्त शिकवणारं वाटतं, कारण इथे पुरवठ्याला एकामागून एक दोन वेगळ्या जातीचे धक्के बसले. पहिला दुष्काळाचा, जो पाऊस आला की ओसरतो. दुसरा तेलाचा, जो ओसरला नाही. शिवाय सरकारने आधी एक धोरण धरलं आणि मग बरोबर उलटं. त्यामुळे समग्र मागणी आणि समग्र पुरवठा यांच्या आकृतीत कोणती रेषा कधी सरकली, हे आकड्यांवरून बऱ्याच अंशी ओळखता येतं.

आधी आकृती

आडव्या अक्षावर देशाचं खरं उत्पादन, म्हणजे भाववाढ वगळून मोजलेलं, आणि उभ्या अक्षावर किंमतपातळी. समग्र मागणीची रेषा डावीकडून उजवीकडे उतरते. अल्पकालीन समग्र पुरवठ्याची रेषा चढते, कारण मजुरी आणि बरेच करार काही काळ ठरलेले असतात आणि भाव वाढले की उत्पादकाला जास्त माल काढणं परवडतं. दीर्घकालीन पुरवठ्याची रेषा मात्र उभी असते. देशाची जमीन, यंत्रं, माणसं आणि तंत्र यांच्या बळावर जेवढं उत्पादन नेहमीच्या परिस्थितीत निघतं, तेवढ्यावर ती उभी राहते, भाव कितीही असोत.

प्रतिकूल धक्का बसला की अल्पकालीन पुरवठ्याची रेषा वर आणि डावीकडे सरकते. पुढे उपयोगी पडेल म्हणून एक काल्पनिक उदाहरण आकड्यांत मांडतो. सुरुवातीला उत्पादन १०० आणि किंमतपातळी १०० धरू. किंमतपातळी २ अंकांनी चढली की मागणी १ अंकाने घटते. पुरवठ्याच्या बाजूला उत्पादन १ अंकाने वाढवायचं तर किंमत १ अंकाने चढावी लागते. आता धक्क्यामुळे प्रत्येक उत्पादनपातळीचा खर्च ९ अंकांनी वाढला. नवा समतोल किंमतपातळी १०६ आणि उत्पादन ९७ इथे येतो. भाव वर, उत्पादन खाली. मागणीची रेषा एकटी सरकली तर या दोन गोष्टी एकत्र घडत नाहीत, कारण तेव्हा भाव आणि उत्पादन एकाच दिशेने जातात. पुरवठ्याचा धक्का ओळखायची पहिली खूण हीच.

पुढचा सगळा वाद इथून सुरू होतो. मध्यवर्ती बँकेने उत्पादन १०० वर परत आणायचं ठरवलं तर मागणी वाढवावी लागेल आणि किंमतपातळी १०९ वर जाईल. भाव १०० वरच रोखायचे ठरवले तर मागणी इतकी दाबावी लागेल की उत्पादन ९१ पर्यंत पडेल. काहीच केलं नाही आणि धक्का तात्पुरता असला, तर तो ओसरताच दोन्ही आकडे १०० वर परततील. धक्का कायमचा असला आणि त्याने उत्पादनक्षमताच ९८ वर आणली, तर मजुरी आणि खर्च हळूहळू बेताला येऊन अर्थव्यवस्था ९८ उत्पादन आणि १०४ किंमतपातळी इथे थांबेल. त्या परिस्थितीत १०० चा हट्ट धरून मागणी वाढवत राहिलं, तर मजुरी पुन्हा पुन्हा चढेल आणि किंमतपातळीला मुक्कामच उरणार नाही.

पहिला धक्का : पाऊस

१९७०-७१ मध्ये देशात सुमारे १०.८ कोटी टन धान्य पिकलं होतं. १९७२ चा मोसमी पाऊस दगा देऊन गेला आणि १९७२-७३ चं पीक ९.७ कोटी टनांवर आलं. महाराष्ट्रात तो सलग तिसरा वाईट हंगाम होता. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं खडी फोडत होती, पाझर तलाव आणि नालाबंडिंगची माती उपसत होती. रेशनवर परदेशी लाल ज्वारी, म्हणजे मिलो, मिळत होती. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात ती अजून कित्येकांच्या आठवणीत आहे.

शेतीतली घट शेतापुरती राहत नाही. धरणं रिकामी म्हणून वीज कमी, वीज कमी म्हणून कारखान्यांवर कपात. कापूस आणि भुईमूग कमी म्हणून कापड आणि तेल गिरण्यांचा कच्चा माल महाग. धान्य महाग म्हणून मजुराला त्याच मजुरीत घर चालवणं अशक्य. या सगळ्या वाटांनी अल्पकालीन पुरवठ्याची रेषा डावीकडे सरकली. १९७२-७३ मध्ये देशाचं एकूण उत्पादन किंचित घटलं आणि घाऊक भाव सरासरी १० टक्क्यांनी चढले.

मागणीची रेषाही त्या काळात स्थिर नव्हती. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या सुमारे एक कोटी निर्वासितांचा खर्च, मग युद्ध, मग दुष्काळी कामं. तूट भरून काढण्यासाठी पैसा वाढत गेला आणि चलनपुरवठ्याची वाढ वर्षाला १५ टक्क्यांच्या आसपास राहिली. दुष्काळी कामांवरच्या खर्चाला मी दोष देणार नाही. त्या मजुरीमुळे माणसं जगली. ज्याचं पीक गेलं त्याचं उत्पन्नही गेलेलं असतं, आणि बाजारात धान्य असलं तरी त्याच्या हातात पैसा नसतो. त्या माणसाला क्रयशक्ती देणं आणि देशाची एकूण मागणी फुगवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. फुगवटा टाळायचा तर हा पैसा दुसऱ्या खर्चातून काढून द्यावा लागतो. तेवढं झालं नाही.

धान्य वाढलं, तरी भाव चढले

मला या प्रकरणातलं सर्वांत बोलकं वर्ष १९७३-७४ वाटतं. पाऊस बरा झाला, धान्य १०.५ कोटी टनांच्या जवळ पोचलं, देशाचं उत्पादन साडेचार टक्क्यांहून जास्त वाढलं. धक्का फक्त पावसाचा असता तर आकृतीप्रमाणे पुरवठ्याची रेषा उजवीकडे परतून भाव सैल व्हायला हवे होते. उलट घाऊक भाव सरासरी २० टक्क्यांनी चढले.

याची दोन कारणं दिसतात. एक म्हणजे मागची दोन वर्षं वाढत गेलेला पैसा. उत्पादन आणि भाव दोन्ही वाढले, म्हणजे मागणीची रेषा उजवीकडे सरकत होती. सरकारने एप्रिल १९७३ मध्ये गव्हाचा घाऊक व्यापार ताब्यात घेतला, तोही फसला. माल बाजारात येईनासा झाला आणि वर्षभरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. भाव चढणारच अशी सगळ्यांची खात्री झाली की ज्याच्याकडे माल आहे तो धरून ठेवतो, आणि त्या धरून ठेवण्यानेच भाव आणखी चढतात.

दुसरं कारण म्हणजे तेल. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि कच्च्या तेलाचा जाहीर दर पिंपाला ३ डॉलरच्या आसपास होता, तो जानेवारी १९७४ मध्ये ११.६५ डॉलरवर गेला. भारताचं तेल आयातीचं बिल १९७२-७३ मध्ये सुमारे २०० कोटी रुपये होतं, ते १९७४-७५ मध्ये ११०० कोटींच्या पुढे गेलं. तेवढंच तेल आणायला देशाला कितीतरी जास्त माल बाहेर पाठवावा लागणार होता. ही खरोखरची गरिबी होती. कोणत्याही व्याजदराने किंवा नोटा छापून ती नाहीशी होण्यासारखी नव्हती.

तेलाचा धक्का शेतीत कसा उतरला हे पाहण्यासारखं आहे. आपला युरिया बराचसा कच्च्या तेलातून निघणाऱ्या नाफ्थ्यापासून बनत होता आणि खतं आयातही होत होती. जून १९७४ मध्ये युरियाचा सरकारी दर जवळपास दुप्पट झाला. शेतकऱ्याने हात आखडला आणि १९७४-७५ मध्ये देशातला खतांचा वापर आदल्या वर्षापेक्षा घटला. त्यात १९७४ चा पाऊस पुन्हा कमी. धान्य पुन्हा १० कोटी टनांच्या खाली आलं. मे १९७४ मध्ये रेल्वेचा संप झाला, कोळशाची वाहतूक अडली. पुरवठ्याची रेषा दुसऱ्यांदा डावीकडे गेली, आणि या वेळी तिचा काही भाग परत येणार नव्हता.

जुलै १९७४

एका धक्क्याने भाव एकदा चढतात. ते वर्षानुवर्षं चढत राहायचे तर काहीतरी सतत ढकलत राहावं लागतं. त्या वेळी दोन गोष्टी ढकलत होत्या. वाढता पैसा मागणी उचलत होता, आणि महागाईभत्ता पुरवठ्याची रेषा वर नेत होता. मुंबईच्या गिरण्यांमधला महागाईभत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेला होता आणि संघटित क्षेत्रात अशीच पद्धत ठिकठिकाणी होती. निर्देशांक चढला की भत्ता चढतो, भत्ता चढला की मालाचा खर्च चढतो आणि पुन्हा निर्देशांक चढतो. कामगाराच्या बाजूने ही मागणी पूर्ण न्याय्य आहे, कारण भाव त्याने वाढवलेले नसतात. पण देशाकडचं धान्य आणि तेल कमी झालेलं असताना सगळ्यांची खरी मजुरी, म्हणजे मजुरीत विकत घेता येणारा माल, जशीच्या तशी राखायचा प्रयत्न झाला, तर पुरवठ्याची रेषा खाली यायचं नावच घेत नाही.

तेव्हा अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण होते आणि मुख्य आर्थिक सल्लागार मनमोहन सिंग. जुलै १९७४ मध्ये सरकारने वटहुकूम काढले. पगारातली सगळी नवी वाढ एक वर्षासाठी सक्तीच्या ठेवीत गोठवली. महागाईभत्त्यातल्या वाढीचा निम्मा भाग तसाच ठेवीत गेला. या रकमा पुढे हप्त्यांनी व्याजासह परत मिळायच्या होत्या. कंपन्यांच्या लाभांशावर मर्यादा आली आणि वर्षाला १५ हजारांहून जास्त उत्पन्न असलेल्या करदात्यांनाही सक्तीची ठेव लागू झाली. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने बँक दर ७ वरून ९ टक्के केला, आणि अखेरीस चव्हाणांनी करवाढीचा पुरवणी अर्थसंकल्प मांडला. चलनपुरवठ्याच्या वाढीचा वेग त्या वर्षात साधारण निम्म्यावर आला.

आकृतीच्या भाषेत या निर्णयांनी दोन कामं केली. खर्चायला मिळणारा पैसा कमी झाल्याने मागणीची रेषा डावीकडे आली. आणि मागणी आवरल्याने भाव कमी चढले, म्हणून पुढचा भत्ताही कमी चढला, म्हणजे भावाकडून मजुरीकडे आणि मजुरीकडून भावाकडे फिरणारी साखळी ढिली पडून पुरवठ्याच्या रेषेचं आणखी वर सरकणं मंदावलं. निव्वळ व्याजदर वाढवून हे साधायचं ठरवलं असतं तर उत्पादन आणि रोजगार कितीतरी जास्त पाडावे लागले असते.

गोठवलेल्या भत्त्यात मालकाचा फायदा नव्हता, ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मालकाला रक्कम द्यावीच लागत होती, फक्त ती कामगाराच्या हातात न जाता ठेवीत जात होती. त्यामुळे मालकाचा त्या वर्षीचा खर्च थेट कमी झाला नाही. परिणाम झाला तो मागणीवर, आणि मागणीवाटे पुढच्या भावांवर आणि पुढच्या भत्त्यावर.

भाव उतरले, पण कशामुळे

सप्टेंबर १९७४ नंतर घाऊक निर्देशांक उतरू लागला. महागाईचा दर कमी झाला एवढंच नव्हे, तर किंमतपातळीच खाली आली आणि मार्च १९७५ मध्ये ती सप्टेंबरच्या पातळीपेक्षा कमी होती. भाव आणीबाणीमुळे उतरले असं आजही ऐकू येतं. आणीबाणी २५ जून १९७५ च्या रात्री आली. भावांनी त्याच्या आठ-नऊ महिने आधीच वळण घेतलं होतं.

ही उतरण पावसाच्या खात्यावरही टाकता येत नाही, कारण १९७४ चा खरीप वाईट गेला होता. भाव खाली आणि उत्पादनाची वाढ जेमतेम एक टक्का, ही खूण मागणीची रेषा डावीकडे गेल्याची आहे. कर्ज महाग आणि दुर्मिळ झालं तेव्हा उधारीवर माल धरून ठेवणाऱ्यांना तो विकावा लागला. भाव चढतच राहणार ही खात्री डळमळली, तेव्हा साठा करण्यातला फायदाही गेला. साठेबाज आणि तस्करांवरच्या धाडींचाही धाक बसला असणार. त्यात गव्हाची आयात मोठी होती. १९७५ मध्ये धान्याची आयात ७० लाख टनांच्या वर गेली. म्हणून उतरणीचं सगळं श्रेय जुलैच्या वटहुकुमांना देणं मला पटत नाही. आयात म्हणजे पुरवठ्याची रेषा उसन्या धान्याने उजवीकडे आणणं, आणि त्याची किंमत परकीय चलनात मोजावी लागली.

१९७५ चा पाऊस उत्तम झाला. धान्य १२.१ कोटी टनांवर गेलं, देशाचं उत्पादन एका वर्षात सुमारे ९ टक्क्यांनी वाढलं आणि घाऊक भाव सरासरी एक टक्क्याने घटले. भाव खाली, उत्पादन वर. इथे पुरवठ्याची रेषा उजवीकडे परतली, यात शंका घेण्यासारखं काही नाही. दोन टप्पे असे वेगळे ठेवले की कुणी काय केलं ते नीट दिसतं. पहिल्या टप्प्यात धोरणाने महागाई मोडली आणि त्याची किंमत उत्पादनात मोजली. दुसऱ्या टप्प्यात पावसाने उत्पादन परत दिलं.

अमेरिकेत तसं का झालं नाही

अमेरिकेत तेलाच्या त्याच धक्क्याने १९७४ च्या वर्षभरात ग्राहक भाव १२ टक्क्यांहून जास्त चढले आणि मे १९७५ मध्ये बेकारी ९ टक्क्यांवर गेली. तिथे पुढे मागणीला आधार दिला गेला. उत्पादन सावरलं, महागाईही उतरली, पण जुन्या पातळीवर परतली नाही. १९७९ मध्ये तेलाचा दुसरा धक्का आला तेव्हा चढते भाव हे लोकांनी गृहीतच धरलेले होते आणि मजुरीचे करार त्या हिशेबाने होत होते. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी ती अपेक्षा मोडेपर्यंत १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर पोचली.

भारतात भाव इतक्या लवकर उतरू शकले यामागे अर्थव्यवस्थेची ठेवण आहे. निर्देशांकात शेतमालाचा वाटा मोठा, आणि शेतमालाचे भाव कराराने बांधलेले नसतात; ते चढतात तसे पडतातही. महागाईभत्ता मिळणारे संघटित कामगार एकूण कष्टकऱ्यांत थोडे होते. यातच या प्रकरणाची दुखरी बाजू आहे. शेतमजुराला महागाईभत्ता नव्हता. धान्य महागलं तेव्हा त्याची खरी मजुरी आपोआप पडली, वटहुकूम न काढताच. पाठ्यपुस्तकात मजुरी लवचीक असेल तर अर्थव्यवस्था लवकर समतोलावर येते असं वाक्य असतं. त्या लवचीकपणाचा अर्थ १९७३-७४ मध्ये अर्ध्या भाकरीवर झोपणारं घर असा होता, आणि ते वाक्य शिकवताना एवढं सांगितलंच पाहिजे.

तेलाचं काय झालं

दीर्घकालीन रेषेचा प्रश्न अजून उरतो. पावसाचा धक्का ती रेषा हलवत नाही. आपल्या देशात तर नेहमीचं उत्पादन म्हणजे काय हेच पावसावर ठरतं, त्यामुळे ती रेषा नेमकी कुठे उभी आहे हे एखाद्या वर्षाच्या आकड्यांवरून सांगता येत नाही. चांगली-वाईट अशी बरीच वर्षं एकत्र घ्यावी लागतात. १९७५-७६ च्या नऊ टक्क्यांतला मोठा भाग आधीच्या खड्ड्यातून वर येण्याचा होता.

तेलाचा दर मात्र ११ डॉलरवरून पुन्हा ३ डॉलरवर आला नाही. त्यामुळे तेलाच्या बाजूने क्षमतेचा जो भाग गेला तो मागणी वाढवून परत येणार नव्हता. उदाहरणातल्या ९८ आणि १०० मधलं अंतर भरायला पुरवठ्याच्याच बाजूने काहीतरी उभं करावं लागतं. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात तेल लागलं आणि मे १९७६ मध्ये बॉम्बे हायमधून उत्पादन सुरू झालं. त्या शोधाची तयारी तेल महागण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली होती. महागाईने फक्त त्या तेलाची किंमत वाढवली आणि विहिरी खोदायची घाई केली. १९७४ च्या जुलैत घेतलेल्या कोणत्याही निर्णयाने हे अंतर त्या वर्षात भरलं नसतं, आणि तेव्हा मागणी न वाढवता ती आवरणं बरोबर होतं असं मला वाटतं ते याच कारणाने.